चहाची टोपली की कॉफीची?

कुणाला भेट द्यायची असेल आणि स्वतः दोन्ही पीत नसाल तर चहाची टोपली सोपी. एवढंच विचारायचं: दूध घालून की कोरा? दुधाचा असेल तर आसामची दाणेदार सीटीसी, कोरा असेल तर दार्जिलिंगची पत्ती. बंद डब्यात ती महिनोन् महिने टिकते. जोडीला म्हापशाच्या बाजारातले काजू ठेवले की झालं.

कॉफीत फसायला वाव जास्त. घरी दळायचं यंत्र नसेल तर अख्ख्या बिया शोभेलाच राहतात. त्यामुळे कॉफी करायचं भांडं कोणतं, हे कळलं नाही तर मी सरळ चहाच देईन. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर असेल तर त्यासाठीची कॉफीपूड घ्या, पण पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळाच्या पुडीचं, प्रमाण वाचा. कोरी कॉफी पिणाऱ्याला चिकोरी बहुधा खपत नाही. भाजल्याची तारीख महिन्याभरातली हवी. गोव्याच्या पावसाळी दमटपणात उघडलेल्या पुडीचा वास लवकर उडतो, म्हणून अर्ध्या किलोच्या एका पाकिटापेक्षा 100 ग्रॅमची दोन बरी.