स्वागतपर भाषण: स्मरणिकेचा मसुदा वाचावा की बोलण्याचा?

नागपुरातल्या एका कबड्डी मंडळाचा बक्षीस वितरण समारंभ आहे. चिटणीस पार्कसारखं मोकळं मैदान, संध्याकाळची वेळ. सचिवांच्या हाती स्वागताचे दोन मसुदे आहेत आणि माईकसमोर एकच न्यायचा आहे.

पहिल्या मसुद्यातलं मूळ वाक्य असं होतं: ‘मंडळाच्या विनंतीस मान देऊन आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहिलेले ज्येष्ठ कबड्डीपटू, तसेच सर्व पंच, पालक व खेळाडू यांचे मी हार्दिक स्वागत करण्यात येत आहे.’ इथे ‘मी’ने सुरू झालेली गोष्ट ‘करण्यात येत आहे’वर संपते. शेवट ‘करतो’ केला की व्याकरण सुधारतं. तरीही हे वाक्य कागदासाठीच बरं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे स्वागत नेमकं कुणाचं आणि टाळ्या केव्हा वाजवायच्या, हे लोकांना अगदी शेवटी कळतं. तोवर सचिवांचा दम दोनदा तुटलेला असतो.

दुसरा मसुदा असा: ‘आजचे आपले पाहुणे स्वतः कबड्डी खेळलेले आहेत. आपल्या मुलांच्या हाती चषक तेच देणार आहेत. मंडळाच्या वतीने त्यांचं मनापासून स्वागत! पंचांचं स्वागत. पालकांचं स्वागत. आणि तीन दिवस मैदान गाजवणाऱ्या खेळाडूंचं तर सगळ्यात आधी स्वागत करायला हवं होतं!’ प्रत्येक ‘स्वागत’पाशी थांबायला जागा आहे, आणि टाळ्या तिथेच पडतात.

मोठ्या वाक्यात विभक्तीही घसरते. पहिल्या मसुद्यात पुढे ‘विजेत्या व उपविजेत्या संघांना अभिनंदन व शुभेच्छा’ असं आहे. शुभेच्छा संघांना देतात, पण अभिनंदन संघांचं करतात. एकाच ‘ना’वर दोन्ही चालत नाहीत. दुसऱ्यात ते आपसूक सुटलं: ‘विजेत्यांचं अभिनंदन. उपविजेत्यांना पुढच्या मोसमासाठी शुभेच्छा.’ म्हणून मैदानावर मी दुसराच मसुदा न्यायला सांगेन. पहिला, दुरुस्त करून, स्मरणिकेत छापावा.

बोलायच्या कागदावर ‘त्यांचे’ नको, ‘त्यांचं’ लिहा. ‘चे’ लिहिलेलं असलं की जीभही ‘चे’च उच्चारते आणि आवाज वाचल्यासारखा येतो. स्मरणिकेत मात्र ‘चे’च ठेवा. नागपुरी वळणाचं काय? ‘पोरं सकाळपासून खेळून राहिली आहेत’ हे खेळाडूंबद्दल बोलताना छान वाटतं, मैदान लगेच आपलंसं होतं. पाहुण्यांच्या परिचयात मात्र मी ते टाळेन.

एका ठिकाणी मात्र दुसरा मसुदा अपुरा पडतो. मंचावर मंत्री, महापौर, अधिकारी असे बरेच मान्यवर असतील तर नावांचा क्रम आणि पदं तोंडी सांभाळता येत नाहीत. तेवढा भाग पहिल्या मसुद्यातून घ्यावा, पण एका ओळीत एकच नाव लिहून, आणि प्रत्येक नावानंतर श्वास घेऊन.