बाथ बॉम्ब, बबल बाथ की शॉवर ऑइल? माझ्या नडग्यांचा कौल

घोडबंदर रोडवरचा आमचा फ्लॅट आधीच्या मालकाने बाथटबसकट विकला. पहिली दोन वर्षं त्या टबात आम्ही टँकरचं पाणी साठवलं. मग मेहुणीने दिवाळीला बाथ बॉम्बचा, म्हणजे टबात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांचा, डबा दिला, लेकीने बबल बाथची बाटली आणली, आणि टबाचा टब म्हणून वापर सुरू झाला. शॉवर ऑइल घरात आलं ते शेवटी, तेही नाइलाजाने.

माझी तक्रार साधी आहे. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर एसी, त्यात डिसेंबर-जानेवारी आला की नडग्यांवर नखाने ओढलं तरी पांढरी रेघ उमटते. रात्री खाज. त्यामुळे मी या तिन्ही गोष्टी सुगंधासाठी नाही, नडग्यांसाठी पारखल्या. तुमची त्वचा मुळात तेलकट असेल तर माझं मत अर्धंच धरा.

बबल बाथचा निकाल मी लवकर लावतो. तो म्हणजे टबभर पाण्यात पसरलेला पातळ शाम्पू. फेस येतो तो बहुधा सोडियम लॉरेथ सल्फेटमुळे, आणि फेस करणारा घटक मळ आणि त्वचेचं स्वतःचं तेल यांत भेद करत नाही. हाच घटक बॉडीवॉशमध्येही असतो, पण तो अर्ध्या मिनिटात धुतला जातो. इथे आपण त्यात वीस मिनिटं मुरत बसतो. अमेरिकेत लहान मुलांनी वापरायच्या फेसाळ बाथवर त्वचेला आणि मूत्रमार्गाला त्रास होऊ शकतो असा इशारा छापावा लागतो, तो उगाच नाही. लेकीला काही झालं नाही, पण मी तिला आता पाचेक मिनिटांतच बाहेर काढतो. माझ्या नडग्या मात्र त्याच रात्री बोलल्या.

बाथ बॉम्बबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण तो मला आवडला होता. त्याची घटकांची यादी छोटी असते: खाण्याचा सोडा, सायट्रिक ॲसिड, थोडा कॉर्नफ्लोअर, थोडं तेल, रंग, सुगंध. शिवाय गोळा कोरडा. बाटलीत पाणी असलं की ते नासू नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. कोरड्या गोळ्याला त्याची फारशी गरज नसते. बबल बाथच्या बाटलीवर मिथाइलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नाव दिसलं तर ते प्रिझर्व्हेटिव्हच, आणि ते अनेकांना ॲलर्जी देतं. या मुद्द्यावर बाथ बॉम्ब सरळ जिंकतो.

मग अडतं कुठे? लेकीने घरी गोळे केले तेव्हा कळलं. तिने व्हिडिओत बघून 200 ग्रॅम सोडा आणि 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घेतलं. हे दोनास एक प्रमाण सगळीकडे सांगतात, कारण गोळा छान बांधला जातो. पण 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड साधारण 120 ते 130 ग्रॅम सोडाच संपवतं. उरलेला 70-80 ग्रॅम सोडा फसफस थांबल्यावर तसाच पाण्यात राहतो. फिश टँकसाठी आणलेली पीएचची पट्टी बुडवली तर रंग आठच्या आसपास गेला. त्वचेचा पीएच साडेचार ते साडेपाच. अंगाच्या साबणाचा नऊ-दहा असतो हे खरं, म्हणजे बॉम्बचं पाणी त्याहून सौम्यच. पण साबण अंगावर मिनिटभर असतो.

ज्यांच्याकडे टब नाही त्यांना एक सांगायचं राहतंय. बॉम्ब टबाच्या दीडशेएक लिटर पाण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो. तोच वीस लिटरच्या बादलीत टाकला तर सोडा, रंग आणि सुगंध सातपट तीव्र होतात. बादलीत टाकायचाच तर सुरीने आठवा तुकडा पाडा.

तरी मी बॉम्ब सोडला तो सोड्यामुळे नाही. सोडला तो दुसऱ्या आंघोळीमुळे. टबातून उठलो की पोटऱ्यांवर गुलाबी झाक, केसांत चमकी, अंगावर तेलाचा चिकट थर, आणि टबाला पाण्याच्या रेषेवर तेलकट रंगीत कडं. हे असंच अंगावर घेऊन गादीवर कोण जाणार? मग शॉवर आणि मग साबण. आमच्याकडे टँकरचं जड पाणी, त्यात साबण नीट निघत नाही, अंगावर त्याचा पांढुरका साका राहतो. म्हणजे बॉम्बातल्या तेलाने जे काही दिलं असेल ते साबणाने वसूल केलं, वर व्याजही घेतलं. पाच-सहा रविवार हे झालं. बिनरंगी, बिनचमकीचा बॉम्ब घेतला तर हा त्रास बराच कमी होतो हे कबूल, पण मग तो भेट म्हणून कोणी देत नाही.

शॉवर ऑइलमध्ये दुसरी आंघोळ नसते, कारण साबणाच्या जागी तेच लावायचं. ओल्या अंगावर चमचाभर चोळायचं, पाण्याने ते दुधाळ होतं, दोन तांबे ओतले की निघून जातं आणि पातळसा थर मागे राहतो. टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यायचं. माझ्या नडग्यांवरची पांढरी रेघ आठवडाभरात दिसेनाशी झाली. हे मोजमाप नाही, नखाची परीक्षा आहे.

पण नावात ऑइल आहे म्हणून भुलू नका. दुधाळ होणाऱ्या बऱ्याच तेलांत यादीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर एमआयपीए-लॉरेथ सल्फेट असतं, म्हणजे फेसवाल्याचंच चुलत भावंड. लॉरेथ म्हटलं की डायॉक्सेन हे नकोसं रसायन अगदी थोडं शिल्लक असण्याची शंकाही आली. ते मुद्दाम घातलेलं नसतं, बनवताना राहून जातं, म्हणून लेबलवर दिसत नाही. चांगला उत्पादक ते काढून टाकतो. मी यादीत सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल पहिलं आहे का ते बघतो आणि बिनवासाची बाटली घेतो. सुगंध हा एक शब्द लिहून त्याखाली डझनभर गोष्टी लपतात, आणि तिन्ही प्रकारांत माझ्या मते काळजी करण्याजोगी गोष्ट तीच आहे.

तेलाचे तोटेही सांगतो. बाटली महिन्याभरात संपते आणि किंमत खटकते. फरशी घसरते, आईला मी त्या बाथरूममध्ये रबरी मॅटशिवाय जाऊ देत नाही. आईचं म्हणणं, आंघोळीनंतर ओल्या अंगाला खोबरेल लावलं असतंस तर एवढे पैसे वाचले असते. नडग्यांपुरतं तिचं बरोबर आहे. फक्त खोबरेलाने घाम निघत नाही, आणि ऑफिसच्या शर्टाला डाग पडतो.

लेकीचे दोन गोळे अजून डब्यात आहेत. टबात मात्र पुन्हा पाणी साठवलेलं आहे, कारण टँकर सध्या एक दिवसाआड येतो.