किमान ऑर्डर की डिलिव्हरी चार्ज?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या खानावळीचा हिशोब धरू. डिलिव्हरीच्या पोराची मजुरी आणि पेट्रोल मिळून एका फेरीला ३५ रुपये जातात. माल, गॅस आणि रश्श्याचे डबे वजा करून १०० रुपयांमागे २५ उरतात. म्हणजे १२० च्या ऑर्डरवर ३० सुटतात आणि घरपोच देताना पदरचे ५ जातात.

पहिला पर्याय, किमान ऑर्डर. ३५ भागिले ०.२५, म्हणजे १४० ला नुसती तोंडमिळवणी. फेरीमागे २५ उरायला हवे असतील तर ६० भागिले ०.२५, म्हणजे २४०. दोनशेवाला गिऱ्हाईक हमखास दोन भाकरी आणि सोलकढी वाढवतो. एकटा राहणारा विद्यार्थी मात्र तुटतो.

दुसरा पर्याय, सरसकट ३० रुपये चार्ज. १२० वरही २५ उरतात, पण जेवणाच्या पाव किमतीएवढं भाडं कोण देणार? हाच चार्ज ४०० वर कुणाला खुपत नाही, म्हणजे भार नको तिथेच पडतो.

मी जवळच्या गल्ल्यांना २४० ची अट घालेन आणि तिथे चार्ज घेणार नाही. कसबा बावड्याची फेरी ५० ला पडत असेल, तर तिथे २४० च्या अटीवर १५ चार्ज. सवलत दिलीत तर अट सवलतीनंतरच्या रकमेवर लावा, नाहीतर सगळं गणित फसतं.