करार समजावणारी पीपीटी आणि त्यावरून करायची यादी: स्लाइडच्या क्रमाने, पार्टीवार की तारखेवार?

कुपवाड एमआयडीसीत मशीनिंगचं काम करणाऱ्या छोट्या शॉपना मोठ्या कंपनीकडून आता नुसता पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर येत नाही, त्याच्यासोबत तीस-चाळीस पानांचा इंग्रजी करार येतो, आणि तो समजावून सांगायला कंपनीचे परचेसवाले मीटिंगमध्ये पीपीटी दाखवतात. सही होते, करार कपाटात जातो आणि रोजच्या वापराला हाताशी राहते ती पीपीटी. सुपरवायझर, अकाउंटवाला आणि मालक तिघांनाही वाचता येईल अशी "कुणी, काय, कधीपर्यंत" यादी त्यातून काढायची तर तीन पद्धती चालतात, आणि कुठली धरायची हे आधी ठरवलं नाही तर काम दोनदा करावं लागतं.

पहिली पद्धत म्हणजे स्लाइडच्या क्रमाने, पहिली स्लाइड घेतली मराठीत लिहिली, दुसरी घेतली लिहिली, असं शेवटपर्यंत. तासाभरात होते आणि मीटिंगला बसलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटते. पण पीपीटी विषयवार बनवलेली असते, म्हणजे क्वालिटी, डिलिव्हरी, पेमेंट, इन्शुरन्स वगैरे, त्यामुळे आपल्या शॉपचं एक काम चौथ्या स्लाइडवर, त्याचा दंड चौदाव्यावर, आणि दंडातून सूट कधी ते विसाव्यावर असतं. यादी झाली तरी कुणाच्या अंगावर काय आहे ते कळत नाहीच. मी ही फक्त कच्च्या उताऱ्यापुरती वापरा म्हणेन.

खरी निवड आहे ती पार्टीवार, म्हणजे शॉपची कामं एका बाजूला आणि कंपनीची दुसऱ्या बाजूला, आणि तारखेवार यांच्यात. एक उदाहरण धरू. कंपनी स्वतःची कास्टिंग पाठवणार, शॉपने मशीनिंग करून पंपाची कव्हर द्यायची, पहिल्या लॉटची किंमत ८ लाख. स्लाइडवर बाणांची रांग आहे: पीओ, मग कास्टिंग, मग पहिला लॉट २१ दिवसांत, मग तपासणी, मग पेमेंट ६० दिवस. दिसायला एकदम सोपं.

आता तारखेवार यादी करणारा माणूस काय करतो, पीओ ३ जूनचा आहे ना, मग २१ दिवस म्हणजे २४ जून, कॅलेंडरवर गोल केला, झालं. पण करारातलं कलम उघडलं तर तिथे मोजणी पीओपासून नाहीये, कास्टिंग शॉपला मिळाल्यापासून आहे. कास्टिंग आली १२ जूनला. मग शेवटचा दिवस ३ जुलै. नऊ दिवसांचा फरक, आणि उशिराला दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का कापणी असेल तर नऊ दिवस म्हणजे दोन आठवडे धरले जातात, ८ लाखांवर ८,००० रुपये. कंपनीच्या सिस्टीममध्ये २४ जून फीड असेल तर ती कापणी बिलातून आपोआप होईल आणि आपल्या कॅलेंडरवरही २४ जूनच असल्यामुळे आपण बोलणारच नाही.

पार्टीवार यादीत ही चूक सापडते, कारण तिथे दोन बाजू समोरासमोर लिहाव्या लागतात. शॉपच्या बाजूला "लॉट द्यायचा" लिहिलं की समोर विचारावं लागतं, त्याच्याआधी कंपनीने काय द्यायचं? कास्टिंग, आणि ड्रॉइंगची शेवटची मंजूर आवृत्ती. कधीपर्यंत? पीपीटीत उत्तर नाही. स्लाइडवर कंपनीची कामं बऱ्याचदा कर्त्याशिवाय येतात, "ड्रॉइंग मंजूर होईल", "तपासणी वेळेत होईल" अशी, आणि करारात बघितलं तर एक तर तारीख असते, किंवा कंपनी "प्रयत्न करेल" एवढंच असतं. प्रयत्न करेल असं असेल तर यादीत तसंच लिहा, त्याला मुदत म्हणून लिहू नका, नाहीतर सुपरवायझर त्या दिवसावर भरोसा ठेवून मशीन मोकळं ठेवेल.

म्हणून पार्टीवार यादीची एक ओळ मी अशी लिहितो:

"शॉपने पहिला लॉट द्यायचा. मोजणी कास्टिंग मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. २१ दिवस, सुट्ट्या धरून. पुरावा: कास्टिंगच्या चलनावरचा आपला तारखेचा शिक्का. चुकलं तर आठवड्याला अर्धा टक्का. स्लाइड ९, करारातलं डिलिव्हरीचं कलम."

सुट्ट्या धरून की कामाचे दिवस, हे करारातल्या व्याख्येत बघायचं, पीपीटीत ते जवळजवळ कधीच नसतं. आणि पुराव्याचा रकाना सोडू नका, कारण मोजणी कास्टिंगपासून असली तरी ती कधी आली हे सिद्ध करायला चलनावर शिक्काच नसेल तर पुन्हा पीओच्या तारखेवर गाडी येते.

पेमेंटची ओळ वेगळी सांगतो, कारण तिथे पीपीटी आणि करार दोन्ही एकच सांगतात तरी यादी तेवढ्यावर थांबवून चालत नाही. दोन्हीकडे बिलापासून ६० दिवस लिहिलंय असं धरू. शॉप मायक्रो किंवा स्मॉल उद्योग असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करारातली मुदतसुद्धा माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याचाच दिवस स्वीकारल्याचा धरतात. लॉट ३ जुलैला पोचला, बिलही त्याच दिवसाचं, तर करारानुसार १ सप्टेंबर आणि कायद्यानुसार १७ ऑगस्ट. यादीत दोन्ही लिहा, कराराची ओळ बदलून टाकू नका, कारण यादी हा करारात काय आहे याचा आरसा राहिला पाहिजे. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी करार व्हायच्या आधीची असलेली बरी, नंतरची असेल तर वाद होतात.

हरकतीचे ते १५ दिवस मात्र कंपनीच्या बाजूच्या यादीत ठळक घ्या, १८ जुलै. त्या दिवसापर्यंत मेल आला की नाही हे अकाउंटवाल्याने बघून नोंद करायची. लेखी हरकत आली तर स्वीकारल्याचा दिवस आपण ती हरकत दूर केल्याचा धरतात, ४५ दिवस तिथून सुरू होतात.

मग तारखेवार यादी निरुपयोगी का? अजिबात नाही. शॉपकडे चार-पाच कंपन्यांचे करार एकदम चालू असतील तर सकाळी आल्यावर "या आठवड्यात काय" हे त्याच यादीतून कळतं, पार्टीवार यादीची पाच पानं कुणी रोज उलगडत नाही. पण ती पार्टीवार यादीतूनच काढायची, पीपीटीतून थेट नाही. आणि ज्या कामाची मोजणी अजून सुरूच झाली नाही, उदाहरणार्थ कास्टिंग आलीच नाही, त्याला तारीख टाकायची नाही, "कास्टिंगची वाट" असं लिहून ठेवायचं आणि चलन आलं की त्याच दिवशी भरायचं. महिन्याच्या महिन्याला येणारी कामं, जसं उरलेल्या कास्टिंगचा आणि भंगाराचा हिशेब कंपनीला देणं, ती थेट तारखेवार यादीत घातली तरी चालतात, त्यांना कुणाच्या कामाची वाट बघावी लागत नाही.

एकच करार असेल आणि मालकच सगळं बघत असेल तर पार्टीवार एक पान पुरतं, तारखेवार करायच्या भानगडीत पडू नका. दोनपेक्षा जास्त करार आणि माल-बिल बघणारी माणसं वेगळी असतील तर दोन्ही लागतील. आणि सही व्हायची बाकी असेल तर पार्टीवार यादी सहीच्या आधी करा, कारण कंपनीच्या बाजूला किती ओळींना तारीखच नाही हे तेव्हा दिसतं, आणि ड्रॉइंगच्या मंजुरीला १० दिवस घाला, नाही झाली तर आपली मुदत तेवढी पुढे जाईल असं लिहून घ्या, हे मागायची वेळ तीच असते. सही झाल्यावर परचेसवाले कितीही चांगले असले तरी "पीपीटीत तर असं होतं" हे चालत नाही, सही केलेला करारच धरला जातो.