बारा फुटी गाळ्याला कडी सहा इंची की सात इंची

खानापूरच्या बाजूला, पावसाच्या पट्ट्यात, अजूनही बरेच जण स्लॅबऐवजी लाकडी कडीपाटाचा माळा करतात. हा निर्णय घेणाऱ्याचा प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो, तो म्हणजे कडीची उभी खोली किती ठेवायची. माझ्या घरात दोन खोल्यांचे माळे वेगवेगळ्या वर्षी झाले. गाळा, म्हणजे कडीच्या दोन टेकूंमधले अंतर, दोन्हीकडे बारा फुटांचा, कड्यांमधले अंतर दीड फूट आणि लाकूड दोन्हीकडे ऐनाचे, ज्याला आपल्याकडच्या वखारीत मत्ती म्हटल्याशिवाय कोणी ओळखत नाही. फरक इतकाच, की पहिल्या खोलीत तीन बाय सहाच्या कड्या आहेत आणि दुसऱ्या खोलीत तीन बाय सातच्या.

दोन्ही निवडींच्या मागे एकेक मर्यादा उभी आहे. लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकानुसार कडीचा वाक साधारणपणे गाळ्याच्या 1/240 पेक्षा जास्त नसावा, आणि खाली जिप्समच्या छतासारखे तडकणारे काही असेल, तर तो 1/360 च्या आत ठेवावा. बारा फुटी, म्हणजे ढोबळमानाने 3.6 मीटरच्या, गाळ्याला याचा अर्थ अनुक्रमे 15 मिमी आणि 10 मिमी. मर्यादा मिलिमीटरमध्ये न देता गाळ्याच्या अंशात देण्याचे कारण उघड आहे. तोच 10 मिमीचा झोल वीस फुटांत डोळ्यांना दिसतही नाही, पण सहा फुटांत पोटात आलेला दिसतो आणि खालच्या गिलाव्याला तडे पाडतो.

आता हिशेब. राहत्या खोलीचा भार दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन धरला आणि फळ्या व कड्या यांच्या वजनासाठी अर्धा किलोन्यूटन वाढवला, तर एका कडीवर मीटरमागे सुमारे 1.1 किलोन्यूटन भार येतो. लाकडाचा ताठरपणा (लवचिकता गुणांक) 10,000 न्यूटन प्रति चौरस मिमी धरून वाकाच्या 5wL⁴/384EI या सूत्रात, ज्यात w हा मीटरमागचा भार, L हा गाळा, E हा लाकडाचा ताठरपणा आणि I हे कडीच्या छेदाचे जडत्व, आकडे घातले, तर सहा इंची कडी 11.7 मिमी वाकते, म्हणजे गाळ्याच्या साधारण 1/309. सात इंची कडी 7.3 मिमी वाकते, म्हणजे जवळजवळ 1/490. थोडक्यात, सहा इंची 240 च्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते आणि 360 च्या परीक्षेत नापास होते, तर सात इंची दोन्हींत उत्तीर्ण होते. ताकदीचा प्रश्न इथे येतच नाही, कारण सहा इंचीतही लाकडातला ताण मान्य मर्यादेच्या बराच खाली राहतो. कडी मोडणार नाही, ती फक्त वाकेल. म्हणूनच मिस्त्री मनापासून म्हणतो, “सहा इंची चालतंय की हो.” आणि त्याच्या दृष्टीने तो चुकत नाही.

सहा इंचीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. बारा बाय पंधराच्या खोलीला अकरा कड्या लागतात आणि भिंतीत टेकण्यासह तेरा फुटांची कडी धरली, तर सात इंचीला एकूण सुमारे तीन घनफूट लाकूड जास्त लागते. शिवाय सात इंच खोलीची, गाभ्यात चीर नसलेली सरळ कडी मिळायला ओंडका तसाच मोठा लागतो, आणि जुन्या घरात चौकटीच्या वर एक इंच कमी होणेही काही वेळा खटकते. ज्याच्या माळ्यावर वर्षातून दोनदाच कोणी चढते आणि खाली छत नाही, त्याने सहा इंची घ्यायला माझी हरकत नाही.

माझी हरकत सुरू होते ती भांड्यांपासून. पहिल्या माळ्यावर भिंतीलगत स्टीलच्या भांड्यांची मांडणी आहे, आणि खोलीच्या मधून कोणी नुसते चालत गेले, तरी वरच्या फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणतात. पाहुणे मुक्कामाला आले, की रात्री पाणी प्यायला कोण उठले हे साऱ्या घराला कळते. सुताराला दोनदा बोलावले, फळ्यांचे खिळे काढून स्क्रू मारले, मांडणीखाली रबर घातले; आवाज थोडा बदलला, थांबला नाही. दोष सुताराचा नव्हता, कडीच्या खोलीचा होता. 1/240 ही मर्यादा सगळी खोली भाराने भरली आहे असे गृहीत धरते, पण त्रास होतो तो एका पावलाचा. ऐंशी किलोचा माणूस एकट्या सहा इंची कडीच्या मध्यावर उभा राहिला, तर ती 3.6 मिमी दबते आणि तोच सात इंचीवर उभा राहिला, तर 2.3 मिमी. फळ्या शेजारच्या कड्यांना भार वाटून देतात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून कमी येतात. प्रमाण मात्र साधारण तेच राहते. मी काही कंपन मोजण्याचे यंत्र लावलेले नाही, पण दुसऱ्या खोलीतल्या तशाच मांडणीवर वाट्या गप्प असतात, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

कडीच्या खोलीचा हा गुण घनाच्या पटीत वाढतो. सहाचे सात केले, तर लाकूड सहाव्या हिश्श्याने वाढते, पण ताठरपणा सुमारे एकोणसाठ टक्क्यांनी वाढतो. हेच काम सहा इंची कड्या फूटभर अंतरावर बसवून करू पाहिले, तर वाक 7.8 मिमीवर येतो, म्हणजे सात इंचीच्या जवळपास. मात्र त्यासाठी लाकूड दीडपट लागते. उलट बाजूने हाच घन तुमच्या विरोधातही जातो. वखारीतून आलेली सहा इंची रंधा मारून 144 मिमी उरली, तर वाक 13 मिमीच्या पुढे जातो. म्हणून सौदा करताना माप कापलेले आहे की रंधलेले, हे विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात विशेष लागू पडते. माळ्यावर भाताची पोती ठेवली, तर तो भार पाहुण्यासारखा जात नाही, महिनोन्महिने बसून राहतो, आणि कायमच्या भाराखाली लाकूड हळूहळू आणखी वाकत जाते. हा वाढीव वाक पहिल्याइतकाच धरण्याची पद्धत आहे. एकूण भारापैकी साठ टक्के असा कायमचा मानला, तर सहा इंची कडी शेवटी 18.7 मिमीपर्यंत, म्हणजे 1/193 वर येते आणि 240 चीही रेषा ओलांडते. सात इंची 11.8 मिमीवर, म्हणजे 1/306 वर थांबते. ओले लाकूड पावसाळ्याच्या तोंडावर बसवले, तर सुकताना ते भाराखालच्याच आकारात कायमचे बसते. माझ्या पहिल्या माळ्याखाली दोरी ताणली, की मध्ये अंगठा सहज आत जातो, आणि त्यातला बराचसा दोष याच घाईचा असावा.

हे सारे बारा फुटांचे बोलणे आहे. अंशातला वाक गाळ्याच्या घनाने बदलतो, त्यामुळे दहा फुटी गाळ्याला सहा इंचीच 1/534 देते आणि तिथे सातचा आग्रह मी धरणार नाही. चौदा फुटांना मात्र सात इंचीही 1/309 वर घसरते. तिथे आठ इंची पाहावी, ती साधारण 1/460 देते.