एम-थ्रीची केटी: रोज थोडी, की पेपरांआधी एकदम?

माझी मामेबहीण ठाण्याची, कॉलेज नेरुळला. सेकंड इयर कॉम्प्युटर, मुंबई विद्यापीठाची सी स्कीम. सेम थ्रीचा निकाल लागला तेव्हा सेम फोरची लेक्चर्स चालू होती, आणि एम-थ्रीला, म्हणजे सेम थ्रीच्या गणिताला, ८० पैकी २१ आले. पासिंगला ३२ लागतात, म्हणजे केटी लागली, पेपर पुन्हा द्यायचा. तिच्यापुढे दोन रस्ते होते: आजपासून रोज चाळीस मिनिटं केटीला द्यायची, किंवा आधी रेग्युलर सांभाळायचं आणि केटी पीएलमध्ये, म्हणजे पेपरांआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, उरकायची. मी दोन्ही तिच्यासोबत कागदावर मांडले.

पीएलचा रस्ता पहिल्यांदा बरा वाटतो, कारण सेमभर डोक्याला एकच काम. पण सेम फोरचे थिअरी पेपर पाच: एम-फोर, एओए, डीबीएमएस, ओएस, मायक्रोप्रोसेसर. केटी धरून सहा. पीएलचे बारा दिवस मिळाले असं धरलं तर एम-थ्रीच्या वाट्याला दोन दिवस, म्हणजे फार तर सोळा तास. उलट आठवड्याचे पाच दिवस चाळीस मिनिटं, दहा आठवडे, हे तेहतीस तास होतात. शिवाय केटीचा पेपर दोन रेग्युलर पेपरांच्या मधल्याच दिवशी आला, तर ते दोन दिवसही सलग मिळत नाहीत.

पीएलवाले बहुतेक जण म्हणतात, ‘लाप्लास, इन्व्हर्स लाप्लास आणि फोरियर करतो, तेवढ्यात निघतं.’ इथे पेपरची रचना आडवी येते. पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले कोणतेही तीन, प्रत्येक २० गुणांचा. पण एका प्रश्नातले अ, ब, क वेगवेगळ्या मोड्यूलमधून येतात. त्यामुळे सहापैकी तीन मोड्यूल पक्के असले, तरी निवडलेल्या चार प्रश्नांत हाताला लागतात साधारण ४० गुण, आणि त्यातून ३२ काढायचे. एक मोठं गणित चुकलं की संपलं. चार मोड्यूल केले तर हाती येतात साधारण ५३, म्हणजे साठ टक्के बरोबर आलं तरी पुरतं. माझ्या मते सगळा निर्णय या एका मोड्यूलच्या फरकावर आहे, आणि चौथं मोड्यूल सोळा तासांत बसत नाही.

रोजच्या रस्त्याचा खरा फायदा मात्र वेळापेक्षा क्रमात आहे. एम-थ्रीचं कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स आलं नाही, तर एम-फोरचं कॉम्प्लेक्स इंटिग्रेशन वर्गात डोक्यावरून जातं. ॲनॅलिटिक फंक्शन म्हणजे काय हेच माहीत नसेल तर कोशीचं प्रमेय कुठे लावायचं ते कळणार कसं? तसंच एम-थ्रीची प्रोबॅबिलिटी ही एम-फोरच्या पॉयसन आणि नॉर्मल डिस्ट्रिब्युशनची पायरी. म्हणून आम्ही सुरुवात लाप्लासपासून केली नाही. एम-फोरच्या सरांनी जो मोड्यूल पुढे घ्यायचा ठरवला होता, त्याच्या आदल्या आठवड्यात एम-थ्रीमधला त्याचा पाया, असा क्रम लावला. त्या चाळीस मिनिटांत दोन्ही विषयांचं काम झालं. लाप्लास आणि फोरियर नंतर आले, त्यांना एम-फोरशी फारसं देणंघेणं नाही.

उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली होती, तीही कामाला आली. (अर्जाची मुदत थोडी असते, निकाल लागताच मागवावी.) इन्व्हर्स लाप्लासमध्ये पद्धत बरोबर होती, चूक दर वेळी पार्शल फ्रॅक्शनमध्ये. म्हणजे पूर्ण मोड्यूल नव्याने करायचं नव्हतं, पार्शल फ्रॅक्शनची वीसेक गणितं करायची होती. फोरियर तिने सोडलाच होता, तिथे खरा वेळ गेला.

रोजच्या रस्त्यालाही धोका आहे. आयएला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, २० पैकी ८ लागतात, आणि केटीच्या नादात एम-फोरची आयए घसरली तर नवीनच केटी पदरात पडते. म्हणून आयएच्या आधीचा आठवडा केटी बंद. हात अगदीच थांबू नये म्हणून त्या आठवड्यात कोरिलेशन-रिग्रेशनचं रोज एक गणित, कारण ते कॅल्क्युलेटरवर होतं आणि डोकं थकवत नाही. आणि ट्रेनचा अर्धा तास अभ्यासात धरू नका. गाडी ठाण्याहूनच सुटते, जागाही मिळते, पण गणित लिहिल्याशिवाय येत नाही. तिथे सूत्रं पाठ करावीत, एवढंच.

सहाव्या आठवड्यात जुना पेपर तीन तास घड्याळ लावून सोडवला. झालेल्या मोड्यूलमधल्या प्रश्नांत निम्मे गुणही आले नसते, तर पुढचं मोड्यूल घेणं थांबवून तेच पुन्हा, असं ठरलं होतं. तिचे निम्म्याहून थोडे जास्त आले, मग फोरियर सुरू केला.

पीएलचा रस्ता मी एकाच परिस्थितीत सुचवेन: गुण २८-२९ असतील आणि फोटोकॉपीत दिसत असेल की एखादाच प्रश्न वेळेअभावी राहिला. तेव्हा पेपर सोडवण्याचा सराव हवा असतो, नवीन शिकणं नव्हे, आणि त्याला दोन दिवस पुरतात. केटीचा परीक्षा फॉर्म मात्र रेग्युलरपेक्षा वेगळा भरावा लागतो. त्याची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डावर बघून आजच लिहून ठेवा.