एकाच नियमातले दोन ‘मे’

उत्तर प्रदेशच्या 1947 च्या शिस्तभंग नियमांत नियम 4 चे दोन पोटनियम आहेत. दोन्हींत इंग्रजी शब्द ‘मे’च, म्हणजे ‘करू शकतात’. पहिल्यानुसार राज्यपाल कर्मचाऱ्याचे प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवू शकतात. हा निव्वळ ऐच्छिक अधिकार.

दुसऱ्यात राजपत्रित अधिकाऱ्याने स्वतः तशी विनंती केलेली असते. जोगेंद्र सिंह प्रकरणात (1963) सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. गजेंद्रगडकरांनी हा ‘मे’ बंधनकारक ठरवला. कारण सरळ आहे: इथेही मर्जीच चालणार असेल, तर पहिला पोटनियम पुरेसा होता, दुसरा फुकट जातो.

अर्ज करताना म्हणूनच नुसत्या ‘मे’वर भिस्त ठेवू नका. अधिकार कोणासाठी दिलाय आणि त्याच्या अटी आपण पुऱ्या केल्यात का, ते कागदोपत्री दाखवा. अट अपुरी राहिली, तर अधिकार असणाऱ्याचे कर्तव्य जागेच होत नाही.